‘पांडवकालीन’चे इंग्रजी काय करणार?

भद्रावतीच्या विजासन लेणीची माहिती देणारे एक घडीचे पत्रक गेल्या वर्षी माझ्याकडे इंग्रजी करायला आले. ताडोब्याला येणारा पर्यटक वाघ बघतो आणि परत जातो, त्याला जिल्ह्यातली बाकीची ठिकाणेही कळावीत, म्हणून मराठी मजकुराचे इंग्रजी हवे होते. कागद कोणी पाठवला हे महत्त्वाचे नाही. अशी पत्रके अनेक ठिकाणी निघतात आणि बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली असतात. मजकुराचे पहिलेच वाक्य असे होते : ‘पांडवांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या प्राचीन भद्रावती नगरीत विजासन टेकडीवर पांडवकालीन लेणी असून त्यात भगवान बुद्धांच्या भव्य मूर्ती विराजमान आहेत.’

वाक्य पुन्हा वाचा. लेणी पांडवकालीन आणि आत मूर्ती बुद्धांच्या. लिहिणाऱ्याला यात काहीच खटकले नाही, छापणाऱ्यालाही नाही. मला वाटते, मराठी वाचणाऱ्यालाही फारसे खटकत नाही, आणि दुखणे तिथेच आहे. आपल्याकडे ‘पांडवकालीन’ हा शब्द काळ सांगण्यासाठी वापरलाच जात नाही. ‘फार जुने’ एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. गावचा म्हातारा विहिरीला पांडवकालीन म्हणतो तेव्हा तो तारीख सांगत नसतो. पण हाच शब्द इंग्रजीत ‘पांडव-इरा केव्ह्ज’ झाला की पुण्या-मुंबईचा, बंगळुरूचा किंवा परदेशचा पर्यटक तो ‘व्हिक्टोरियन इरा’सारखा वाचतो. पांडव नावाचा एक कालखंड होता आणि त्या काळात ही लेणी कोरली गेली, असे विधान तयार होते. मराठीतली सैल सवय इंग्रजीत इतिहास होऊन बसते.

भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द असे मानणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. मराठीत ऐकीव गोष्ट सांगायची आपली पद्धत वाक्याच्या शेवटी असते : ‘म्हणतात’, ‘सांगतात’, ‘अशी आख्यायिका आहे’. इंग्रजी करणारा जागा वाचवण्यासाठी पहिल्यांदा हाच शेवट कापतो, कारण त्याला तो भरीचा वाटतो. ‘इथे अमुक राजाने तपश्चर्या केली असे म्हणतात’ याचे ‘किंग सो-अँड-सो मेडिटेटेड हिअर’ होते. वाक्य आटोपशीर झाले आणि साक्षीदार गायब झाला. मग हेच इंग्रजी वाक्य एखादे प्रवासी संकेतस्थळ उचलते, तिथून ते ज्ञानकोशात जाते, आणि दोन वर्षांनी जिल्ह्याचा एखादा वार्ताहर त्याचे मराठी करून ‘इतिहासात नोंद आहे’ असे लिहितो. आपल्याच गावची ऐकीव गोष्ट इंग्रजीला वळसा घालून पुरावा बनून परत येते. आणि मराठीत चूक निघाली तर गावात चार माणसे भांडायला असतात, इंग्रजीतली चूक वाचणारा भांडायला कधीच येत नाही.

म्हणून मी पहिले काम केले ते दाव्याला मालक शोधण्याचे. पांडवांची गोष्ट खोटी म्हणून खोडून टाकावी, असे माझ्या काही मित्रांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. ही गोष्ट आली कुठून, ते बघा. जैमिनीच्या अश्वमेधाच्या कथेत भद्रावती नावाची नगरी येते. तिथला राजा यौवनाश्व, आणि त्याचा श्यामकर्ण घोडा भीम घेऊन जातो. आमची भद्रावती तीच, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ही आठवण गावाची आहे, ती सांगायला हरकत नाही. पण ती गावाच्या नावाबद्दल आहे. लेणीबद्दल ती एक अक्षरही बोलत नाही. पत्रक लिहिणाऱ्याने गावाची गोष्ट उचलली आणि टेकडीवर चढवली.

मी इंग्रजीत तिला तिच्या जागेवर ठेवले. गावाची ओळख करून देणाऱ्या घडीत एक वाक्य : स्थानिक परंपरा या गावाचा संबंध जैमिनी अश्वमेधातल्या भद्रावतीशी आणि भीमाने नेलेल्या घोड्याशी जोडते. वाक्याला कर्ता आहे, ग्रंथाचे नाव आहे, आणि वाचायला ते ‘पदस्पर्शाने पावन’पेक्षा जास्त चांगले लागते, कारण त्यात घोडा आहे. लेणीच्या घडीत पांडव नाहीत. तिथे पहिल्याच वाक्यात ‘बुद्धिस्ट’ हा शब्द आहे.

यावर अपेक्षित आक्षेप आला. ‘अहो, हे माहितीपत्रक आहे, पीएच.डी.चा प्रबंध नाही. लोक आले पाहिजेत.’ मान्य. लोक आले पाहिजेत हे मलाही वाटते. आपल्यापेक्षा जास्त कोणाला वाटेल? पण लोक विशेषणांनी येत नाहीत. मूळ मजकुरात नयनरम्य, अप्रतिम, विलोभनीय, भव्यदिव्य अशी विशेषणांची रांग होती. त्यांचे इंग्रजी ‘ब्रेथटेकिंग’, ‘मेस्मरायझिंग’ असे होते, आणि हे शब्द जगातल्या प्रत्येक धबधब्याला, हॉटेलला आणि साडीच्या दुकानाला लावलेले असतात. ते वाचून माणसाला विजासनबद्दल काहीही कळत नाही.

आता लेणीत खरोखर काय आहे ते बघा. अलेक्झांडर कनिंगहॅम हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. ते 1873-74 च्या मध्य प्रांतांच्या दौऱ्यात इथे आले होते. तेव्हाच्या वर्णनात दालनाची लांबी नोंदलेली आहे : तोंडापासून सरळ डोंगराच्या पोटात सुमारे 71 फूट. या लांब बोळाच्या टोकाला एक खोली आणि तिच्यात आसनावर बसलेले मोठे बुद्ध. बाजूला काटकोनात आणखी दोन बोळ, त्यांच्याही टोकाला तशाच खोल्या, तिथेही बुद्ध. अजिंठा-वेरूळला पाहिलेला प्रशस्त खांबांचा मंडप इथे नाही. इथे माणूस उजेडातून निघतो, अंधारात पावले टाकत जातो, आणि डोळे सरावले की समोर बुद्ध दिसतात. हे नुसते लिहा ना. ‘तोंडापासून सत्तर फूट आत अंधारात बसलेले बुद्ध. टॉर्च सोबत आणा.’ ‘ब्रेथटेकिंग’ लिहायची गरजच पडत नाही. जाहिरातही हीच आणि वस्तुस्थितीही हीच. मूळ मजकुरात तर लेणीला तीन बोळ आहेत, हेही कुठे नव्हते.

इथे शब्दांची थोडी निवड करावी लागते आणि ती किरकोळ नाही. मराठीत गुहा वेगळी आणि लेणे वेगळे. गुहेत अस्वल राहते, लेणे छिन्नीने कोरतात. इंग्रजीत दोन्हीला ‘केव्ह’. जंगलचा जिल्हा, ताडोब्याचा शेजार आणि पत्रकात नुसते ‘केव्ह’, म्हणजे वाचणारा नैसर्गिक गुहा समजणार, आणि कोणी कोरली हा प्रश्नच त्याच्या मनात उठणार नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाला तरी ‘रॉक-कट’ हे दोन शब्द हवेतच. ते कारागिराचे आणि त्याला पोसणाऱ्या संघाचे शब्द आहेत.

तसेच ‘मूर्ती’. मूळ भाषांतराच्या एका कच्च्या खर्ड्यात ‘आयडॉल्स ऑफ लॉर्ड बुद्धा’ असे होते. ‘आयडॉल’ हा इंग्रजीत देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या वस्तूचा शब्द आहे आणि त्याला हिणवणारी छटा आहे. शिल्पाबद्दल लिहिताना अभ्यासक ‘इमेज’ किंवा ‘फिगर’ म्हणतात. ‘लॉर्ड’चेही तेच. ‘भगवान’ या शब्दाला पाली परंपरेत स्वतःचा अर्थ आहे, ‘लॉर्ड’ म्हटले की तो ‘लॉर्ड शिवा’, ‘लॉर्ड विष्णू’ यांच्या रांगेत जाऊन बसतो. नुसते ‘द बुद्धा’ पुरते, आदरही कमी होत नाही. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, ही त्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक. दीक्षाभूमीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या लेणीचे पत्रक इंग्रजीत बुद्धांना देवांच्या रांगेत बसवते, आणि आपण ते ‘छान छापले आहे’ म्हणून फॉरवर्ड करतो.

‘गाभारा’साठी ‘सँक्टम’ सुचते. मी ‘श्राइन’ लिहिले, कारण ‘सँक्टम’ वाचले की भारतात फिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिंदू मंदिर येते. मग मी ‘विहार’ का नाही लिहिले, असे एका तरुण कार्यकर्त्याने विचारले. विहार म्हणजे भिक्खूंच्या निवासाची जागा, इंग्रजीत ‘मोनॅस्टरी’. मध्ये चौक आणि भोवती राहण्याच्या खोल्या, ही विहाराची ओळख. विजासनची रचना तशी नाही. आपल्याला गोड वाटतो म्हणून तो शब्द लावला, तर अजिंठा पाहून आलेला पर्यटक खोल्या शोधत राहील आणि आपल्या बाकीच्या वाक्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

इथपर्यंत सगळे मित्र माझ्याबरोबर होते. पांडव खाली उतरले म्हणून खूश होते. भांडण पुढे झाले, आणि हा लेख खरे तर त्या भांडणासाठी आहे.

खर्डा वाचायला दिला तेव्हा आमच्यातल्याच एका अभ्यासू मुलाने दोन वाक्ये घालायला सांगितली. एक, ‘2500 वर्षे जुनी बौद्ध लेणी’. दोन, ‘चिनी प्रवासी ह्यूएन त्संगने इथे भेट दिली तेव्हा भद्रावतीत 10,000 भिक्खू शिकत होते’. मी विचारले, आधार? तो म्हणाला, सगळीकडे हेच लिहिलेले आहे. आणि मग मनातले बोलला : ‘सर, ते पांडव घुसवतात तेव्हा त्यांना कोणी आधार विचारत नाही. आपल्यालाच का?’

राग खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या वारशावर दुसऱ्यांनी पाट्या लावल्या त्यांना पुरावे मागायचे, हा अन्यायच आहे. तरी ही दोन वाक्ये मी घातली नाहीत. त्याची कारणे सविस्तर सांगतो.

2500 वर्षांचे गणित सरळ आहे. बुद्ध स्वतः साधारण 2500 वर्षांपूर्वी होऊन गेले. महाराष्ट्रातली सर्वांत जुनी बौद्ध लेणी, भाजे, अजिंठ्यातली सुरुवातीची, ही इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली मानली जातात. त्या सुरुवातीच्या लेण्यांत बुद्धांची मूर्ती नाही. तिथे वंदनेसाठी स्तूप आहे. मूर्ती नंतर आली. विजासनमध्ये तर तिन्ही बोळांच्या टोकाला मूर्तीच आहेत. म्हणजे एकतर लेणे त्या सुरुवातीच्या काळानंतरचे, किंवा लेणे आधीचे आणि मूर्ती मागाहून कोरलेल्या. दोन्ही बाबतींत ‘2500 वर्षे’ टिकत नाही, आणि इतिहासाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते ओळखेल. काही जण हे लेणे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळाशी, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडतात. जुन्या चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यात यज्ञश्रीची नाणी आहेत, हे खरे. पण नाणे राजाचा व्यवहार इथपर्यंत पोचला होता एवढेच सांगते, लेणे कोणी कोरले ते सांगत नाही. म्हणून मी लिहिले की काळाबद्दल एकमत नाही आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपर्यंत तो मागे नेला जातो. पर्यटकाला यात काही उणे वाटत नाही. अठराशे वर्षे हीसुद्धा काही थोडी नव्हेत.

आता ह्यूएन त्संग. सातव्या शतकात, 629 ते 645 या काळात त्याने प्रवास केला. त्याच्या वर्णनात कोसल नावाचा देश येतो, हा उत्तरेकडचा अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिणेकडचा. तो सांगतो की या देशात सुमारे शंभर संघाराम होते आणि दहा हजारांहून थोडे कमी भिक्खू. लक्षात घ्या : देशात. एका नगरात नव्हे, एका लेणीत तर नव्हेच. राजधानीचा आकार तो देतो, नाव देत नाही. आणि त्याच परिच्छेदात सत्तरेक देवमंदिरांचीही नोंद आहे, जी आपल्या पोस्टमध्ये कधीच येत नाही.

मग भद्रावती यात आली कुठून? कनिंगहॅमने मांडले की ही निनावी राजधानी म्हणजे भांदक, म्हणजेच आजची भद्रावती. त्याने अंतरे आणि दिशा मोजल्या, अवशेष पाहिले आणि निष्कर्ष काढला. त्याच दशकात फर्ग्युसनने वैरागडकडे बोट दाखवले. वैरागड म्हणजे आज गडचिरोली जिल्ह्यातले, तेव्हा ते चांदा जिल्ह्यातच होते. पुढे महानदीकाठच्या, छत्तीसगडमधल्या सिरपूरला बौद्ध विहार उजेडात आले आणि अनेक अभ्यासकांचे मत तिकडे झुकले. म्हणजे ‘ह्यूएन त्संग भद्रावतीत आला’ हे एका विद्वानाचे अनुमान आहे, आणि त्याला दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत.

आपल्या पत्रकात आपण काय करत होतो? अनुमानाचे ‘आला’ केले, देशाचे गाव केले, ‘दहा हजारांहून कमी’चे ‘दहा हजार’ केले आणि देवळे गाळली. एका वाक्यात चार फेरफार. पांडवकालीन लिहिणाऱ्याने एकच केला होता. त्या मुलाला मी हे एवढेच म्हणालो, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाबासाहेबांचे नाव घेऊन असे करता येत नाही, हेही मी त्याला सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता : बुद्धांच्या तोंडी घातलेल्या वचनांतले खरे कोणते? त्यासाठी त्यांनी त्या ग्रंथातच कसोटी दिली, की जे बुद्धिसंगत आणि तर्काला धरून आहे तेच, बाकीचे सगळे सारखे असले तर, बुद्धांचे मानावे. श्रद्धेय ग्रंथालाही कसोटी लावणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. चार रंगांच्या घडीच्या कागदाला ती लावू नये?

शिवाय व्यवहार बघा. आपल्या लेण्यांवरची अतिक्रमणे, शेंदूर फासणे, नावे बदलणे, याविरुद्ध आपण अर्ज करतो, निवेदने देतो. त्या लढाईत आपल्या हातात असलेले सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे नोंद : कोणी, कधी, काय पाहिले. उद्या समोरचा वकील आपलेच पत्रक दाखवून म्हणाला की हे लोक गावाला देश म्हणतात आणि अनुमानाला प्रत्यक्ष भेट म्हणतात, तर ‘आत बुद्ध आहेत’ या निखळ सत्य वाक्याचीही किंमत जाते.

शेवटी ह्यूएन त्संग पत्रकात आला, तो असा : कनिंगहॅमच्या मते चिनी प्रवाशाने पाहिलेली कोसलची राजधानी हीच. इतर अभ्यासक वैरागड किंवा सिरपूर सुचवतात. दोनच वाक्ये. गंमत म्हणजे पत्रक मागवणाऱ्याला सगळ्यात जास्त आवडले ते हेच, कारण वैरागडही आता पर्यटनाच्या नकाशावर आणायचे आहे आणि वादात असलेली दोन गावे एकाच सहलीत बसतात. तिथला किल्ला आहेच.

काही बारीक गोष्टी ज्यांना पुढे असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी. गाव भद्रावती, पण रेल्वे स्टेशनचे नाव भांदक. इंग्रजी पत्रकात दोन्ही नावे शेजारी द्या, नाहीतर पर्यटक तिकीट काढताना भद्रावती शोधत बसेल. विजासन हे नाव जुन्या इंग्रजी नोंदींत ‘डब्ल्यू’ने लिहिलेले सापडते, आज ‘व्ही’ने लिहितात. एकदा तरी दोन्ही रूपे द्यावीत, कारण ज्याला पुढे वाचायचे आहे त्याला जुने अहवाल त्याच नावाने सापडतील. नावाचे भाषांतर करू नका आणि व्युत्पत्तीही जोडू नका. कोणी विजासन म्हणजे देवी म्हणतो, कोणी वज्रासन म्हणतो. ध्वनी जुळला म्हणून अर्थ सिद्ध होत नाही, हे दोघांनाही लागू आहे.

आणि गडचिरोलीचे मार्कंडा. तिथल्या देवळांना प्रत्येक पत्रकात ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. ही उपमा मराठीत कौतुकाची आहे. इंग्रजीत ‘मिनी खजुराहो’ झाले की ती नक्कल वाटते, आणि खजुराहो पाहिलेला माणूस म्हणतो, मग लहान कशाला बघू? वैनगंगा दक्षिणेकडे वाहत येते आणि मार्कंड्याला उत्तरेकडे वळते, म्हणून ती जागा लोकांनी निवडली. हे खजुराहोला नाही. ते लिहा. ती देवळे शैव आहेत, आणि ती शैव आहेत असेच लिहा. तिथे बुद्ध शोधत बसायची आपल्याला गरज नाही.

पत्रक छापायला जाताना मला एक फोन आला. इंग्रजी चांगले झाले आहे, आता मराठीतले पहिले वाक्यही त्याप्रमाणे बदलायचे का, असे विचारत होते. मी हो म्हणालो आणि ‘पांडवकालीन’ काढून ‘बौद्ध’ घातले. छापून आलेल्या मराठी प्रतीत दोन्ही शब्द आहेत : ‘पांडवकालीन बौद्ध लेणी’. पुढच्या आवृत्तीसाठी मी लेखी कळवले आहे. ज्यांच्याकडे आपापल्या तालुक्यातली अशी पत्रके असतील, त्यांनी दोन्ही भाषांच्या प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात आणि ‘म्हणतात’ कुठे गळले ते पेन्सिलने खुणावून मला पाठवावे.

जय भीम.